साधा स्वयंपाक चालेल

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची जाहिरात मी लिहिली आहे आणि तिच्यात एक शब्दही फुकटचा नाही. धाकट्या जावेचं म्हणणं असं, की ती वाचून माणूस राहायला यायच्या ऐवजी माफी मागायला येईल. ती म्हणू दे. माझं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलं. आधी नीट लिहून लावलं नाही तर माणसं नंतर किती वाद घालतात, हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बिल्डिंगमध्ये मला हेडबाई म्हणतात. मी शाळेत एक तासही शिकवलेलं नाही, पण नाव पडलं ते पडलंच.

जाहिरात अशी:

‘रुग्णालयाच्या मागच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी फ्लॅट. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. तिसरा मजला, लिफ्ट आहे. एका वेळी जास्तीत जास्त तीन माणसं. भाडं आठवड्याला साडेतीन हजार, दोन आठवडे एकदम घेतल्यास सहा हजार. वीज, पाणी, गॅस त्यातच. आठवड्याहून कमी दिला जाणार नाही, मात्र रुग्णाला लवकर घरी सोडल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे परत. साधा स्वयंपाक चालेल. तळण आणि मासे चालणार नाहीत. गॅस सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी मिक्सर लावू नये. फ्रिजमध्ये फक्त दूध आणि पाणी, शिजवलेलं अन्न ठेवू नये. रुग्णाला फ्लॅटवर ठेवता येणार नाही.’

धाकटीने ती फोनवर टाकली आणि एक कागद फाटकासमोरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवला. पहिला फोन त्याच दिवशी आला.

आता यातल्या प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी माणूस आहे, बरं का. गॅसच्या वेळा आहेत त्या एका काकांमुळे. ते कुकर लावून दवाखान्यात गेले, तिथे डॉक्टर भेटले म्हणून बोलत बसले आणि इकडे कुकर कोरडा होऊन काळा ठिक्कर पडला. गॅसची वेळ ठरवली की निदान त्या वेळात माणूस घरात राहतो आणि दहा वाजता मी एक चक्कर मारून खटका बंद आहे ना बघते. फ्रिजचा नियम तीन भावांचा. त्यांच्या वडिलांना घरी सोडलं त्या आनंदात ते भाजीने भरलेली पातेली तशीच सोडून गेले, आणि त्यांच्या मागून फ्लॅट महिनाभर रिकामा होता. मी झाकण काढलं तेव्हा काय झालं ते सांगत नाही, जेवायची वेळ असेल तुमची.

राहिले दोन नियम. ते दोन्ही चेअरमनचे. चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे. ते बरोबर त्या फ्लॅटखाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दुपारी जेवून झोपतात. मिक्सर लागला की त्यांच्या डोक्यावरचं छत घरघरतं म्हणे. आणि रुग्ण ठेवायचा नाही ही अट त्यांनी सोसायटीच्या सभेत घातली होती, तिला मात्र कारण होतं. एकदा एका बाईने आजारी सासऱ्यांना वर आणून ठेवलं, ते दुसऱ्याच दिवशी बेशुद्ध पडले. आमची लिफ्ट चार उभ्या माणसांची, तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. दोघा माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून, बांधून, तीन जिने उतरवलं. म्हातारा वाचला. पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर दारं उघडून लोक बघत होते आणि मी खुर्चीचा मागचा पाय धरून उतरत होते, ते मी विसरलेली नाही. त्यानंतर चेअरमन म्हणाले, “फ्लॅट खुशाल भाड्याने द्या. पण पुन्हा पेशंट आणलात तर परवानगी रद्द.” मी सही केली. सही केली म्हणजे केली.

त्या फ्लॅटवर आमचं घर चालतं. आम्ही दोघी जावा खाली तळमजल्यावर राहतो. माझे हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. धाकट्या दिरांची नोकरी फिरतीची, ते महिन्यातून एकदा येतात, झोपतात, जातात. माझी पेन्शन औषधांना पुरते. बाकी सगळं तिसऱ्या मजल्यावरून येतं.

तर त्या बाईचा फोन आला तेव्हा मीच घेतला. फोन करणारे सगळे साधारण तेच विचारतात. पाणी किती वेळ येतं, फोनला इंटरनेट मिळतं का, भाडं कमी होईल का. ही म्हणाली, “मिक्सर आहे का?”

“आहे. पण दुपारी लावायचा नाही. जाहिरात वाचलीत ना?”

“वाचली. सगळी वाचली. मिक्सर चांगला बारीक करतो का?”

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मी धाकटीला म्हटलं, “उद्या मिक्सरवाली येतेय.” तेव्हापासून आमच्यात तिचं नाव तेच.

मिक्सरवाली चाळिशीची, काटक बाई. गावाकडे कपडे शिवायची. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याच्या जिभेला कॅन्सर झाला होता, ऑपरेशन होऊन तो वॉर्डात होता. एका दिवसाच्या प्रवासावर त्यांचं गाव. तिने दोन आठवड्यांचे पैसे दिले, पावती घेतली, आणि मी नियम सांगायला लागले तर ती माझ्याआधी स्वतःच म्हणून दाखवायला लागली. पोस्टात असते तर मी तिला उभ्या उभ्या नोकरी दिली असती.

त्या दोन आठवड्यांत तिने मला तक्रारीला जागा ठेवली नाही. दहाला चक्कर मारावी तर गॅसचा खटका बंद, ओटा कोरडा. फ्रिजमध्ये दुधाचं भांडं आणि पाण्याच्या बाटल्या. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्यासारखंच व्हायचं. कोणीतरी काहीतरी चुकवलं पाहिजे, त्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. दोन आठवडे संपले तेव्हा ती खाली आली आणि आणखी दोन आठवडे मागितले.

“डॉक्टर काय म्हणतात?” मी विचारलं.

“ऑपरेशन चांगलं झालं. आता शेक द्यायचा आहे, रेडिएशन. सहा आठवडे, रोज.” हे सांगताना ती माझ्याकडे न बघता पावतीपुस्तकाकडे बघत होती. मी पावती फाडली. मला वाटलं, नवरा अजून वॉर्डातच आहे. तिने तसं म्हटलं नव्हतं, मीच धरून चालले.

त्यानंतर धाकटीचं वागणं बदललं. आमची धाकटी मनाने चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नाही, आणि ठेवायचं म्हटलं तर ती भांडी घासायला लागते. घासलेली भांडी पुन्हा घासते. त्या आठवड्यात आमच्याकडची सगळी पातेली आरशासारखी झाली. शिवाय ती सारखी तिसऱ्या मजल्यावर. कधी कपड्यांचे चिमटे द्यायला, कधी बल्ब बघायला. एकदा दोन उशा घेऊन निघाली.

“उशा कशाला?”

“तिची मान दुखतेय.”

“एकीला किती माना आहेत?”

धाकटी हसली आणि गेली. मीही सोडून दिलं. तिथे मी सोडायला नको होतं, पण वरच्या बाईबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. दहाची चक्करही मी पहिल्या दोन आठवड्यांनंतर बंद केली होती. नियम पाठ असणाऱ्या माणसावर मी आंधळा विश्वास टाकते, हा माझा स्वभाव.

मग एका दुपारी जेवताना धाकटी म्हणाली, “जाऊबाई, ती मिक्सरची अट काढून टाकू या का जाहिरातीतून?”

“का?”

“उगीच. आणि गॅसच्या वेळांचीही. आणि फ्रिजची.”

“मग राहिलं काय? तळण आणि मासे?”

ती उठली आणि भरल्या ताटावरून भांडी घासायला गेली. मी घास खाली ठेवला. “कोण आहे वर?” मी विचारलं. नळाचं पाणी सोडून ती पाठमोरी उभी. “अगं, तुला विचारतेय मी. वर कोण आहे?”

“तिचा नवरा,” ती नळाशीच बोलली. “दहा दिवस झाले. घरी सोडलं त्यांना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही माझी, जबाबदारी माझी, आणि माझ्याच घरातली बाई उशा पोचवत होती. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, “आधी वर जाऊन बघा. मग मला काय बोलायचं ते बोला.” मी चपला घातल्या. आजच्या आज खोली रिकामी करा, एवढं एकच वाक्य मी लिफ्टमध्ये तीनदा म्हणून बघितलं.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं तर समोरच स्वयंपाकघर. ओट्यापाशी मिक्सरवाली उभी, आणि ती पितळी चाळणीत शिजलेला भात, डाळ आणि गाजराचा लगदा चमच्याच्या पाठीने दाबत होती. दाबायची, खरवडायची, थोडं पाणी घालायची, पुन्हा दाबायची. घामाने तिची पाठ भिजली होती. मिक्सर शेजारीच होता. पुसून, वायर गुंडाळून, जसा मी दिला होता तसा.

तिने मला बघितलं आणि चमचा खाली ठेवला. कसलाही बहाणा केला नाही तिने. आतल्या खोलीकडे बघितलं फक्त.

खोलीत पलंगावर धाकटीच्या उशांना टेकून एक माणूस बसला होता. उंच, हाडं मोठी, पण त्यांच्यावर माणूस राहिला नव्हता. शर्ट दोन माणसांचा वाटत होता. गळ्यावर टाक्यांची लांब ओळ, नाकात नळी, ती चिकटपट्टीने गालाला लावलेली. तो उठायला लागला. बोलता येत नव्हतं म्हणून त्याने हात जोडले. मला ते बघवेना. मी म्हटलं, “बसा, बसा,” आणि स्वयंपाकघरात परत आले. लिफ्टमध्ये पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“मावशी, चुकलं माझं. पण दुसरीकडे कुठे जागाच नाही हो. दवाखान्याच्या राहायच्या जागेत नंबर लागत नाही. पेशंट ठेवतात तिथे स्वयंपाक करू देत नाहीत, स्वयंपाक करू देतात तिथे पेशंट ठेवत नाहीत. यांना तोंडाने काही जात नाही. सगळं शिजवून, एकदम पातळ करून, गाळून नळीतून घालायचं. जरा कण राहिला की नळी तुंबते.”

“ते कळलं. मिक्सर का नाही लावला?”

मी थट्टा करतेय का, हे तिला कळत नसावं. “दुपार आहे ना,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं, सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी एक पेला घालायचा. सकाळी सहा ते दहा गॅस, तेव्हा ती शिजवायची, मिक्सरमधून काढायची, घालायची. त्यातलंच दुपारी बाराला. पण पुढचं करून ठेवावं तर फ्रिजमध्ये शिजवलेलं ठेवायचं नाही. बाहेर ठेवलेलं एकदा आंबलं आणि त्यांना दिवसभर जुलाब झाले. म्हणून ती बारानंतर पाच वाजेपर्यंत नुसतं गार दूध आणि पाणी द्यायची. दूध त्यांना सोसत नव्हतं. पाच ते आठ पुन्हा व्हायचं, आठनंतर पुन्हा गॅस बंद. आज सकाळी शिजवलेलं थोडं मिक्सरमधून काढायचं राहिलं होतं, ते वाया घालवण्यापेक्षा हाताने गाळता येतंय का बघत होती.

“परवा वजन केलं,” ती म्हणाली. “अडीच किलो उतरलं. डॉक्टर खूप रागावले. त्यांच्या तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवलाय, शेक देताना तो घालून टेबलाला बांधतात, डोकं हलू नये म्हणून. वजन असंच उतरलं तर तो ढिला होईल, मग परत नवा बनवायचा, परत सगळी मापं. तोवर ऑपरेशन होऊन फार दिवस उलटतील, आणि उशीर झाला तर शेकाचा उपयोग नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा वजन आहे, ते बघूनच शेक सुरू करतील. मी त्यांना सांगितलं, सगळं वेळेवर देते. खोटं बोलले. इथे कसं राहतोय ते सांगायची भीती वाटली.”

“अगं, मग एक दिवस मिक्सर लावला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?”

“एक नियम मोडून राहिले होते, मावशी. दुसरा मोडायची हिंमत नव्हती.”

मी ओट्याला टेकले. माझे चारही नियम बरोबर होते. एकेक घेतला तर आजही बरोबर आहे. त्या चौघांनी मिळून एका माणसाला उपाशी ठेवलं होतं, आणि ही बाई त्यातले तीन माझ्यासारखेच अक्षर न अक्षर पाळत होती. मला तिचा राग आला, धाकटीचा आला, चेअरमनच्या झोपेचा आला, आणि हे सगळे राग करून झाल्यावर जो उरला तो कोणाचा हे सांगायची गरज नाही.

“लाव मिक्सर,” मी म्हटलं.

“चेअरमन...”

“लाव.”

तिने लावला. खालचं छत घरघरलं असेल. मी काही ऐकलं नाही. तिने पातळ झालेलं गाळून घेतलं, बोटावर थेंब टाकून कोमट आहे ना बघितलं, मग सुईविना मोठी सिरिंज घेतली, तिचा दट्ट्या काढून टाकला आणि नळीला जोडून उंच धरली. ओतलेलं आपोआप, सावकाश खाली जात होतं. मेकॅनिक पेल्याकडे बघत होता. त्याच्या गळ्यातून काही जात नव्हतं, तरी तो गिळल्यासारखं करत होता. तेवढं बघून मी खाली आले.

धाकटी दारातच उभी होती. “काढलंत का त्यांना?”

“काढलं,” मी म्हटलं. “तू आधी माझी खोली रिकामी कर.”

“काय?”

“माझा पलंग. पलंगाखालच्या ट्रंका. खिडकीतली औषधं. ते दोघं खाली येतायत. वरच्या फ्लॅटवर पेशंट ठेवणार नाही अशी मी सही केलीय, ती मोडणार नाही. खाली माझं घर आहे. माझ्या घरी पाहुणा कोण, हे मी कोणाला लिहून दिलेलं नाही. आणि तळमजल्यावरून माणूस न्यायला लिफ्टही लागत नाही.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते आवडत नाही. “आणि दहा दिवसांपूर्वी मला सांगितलं असतंस,” मी म्हटलं, “तर दहा दिवस तो जेवला असता. तू मला घाबरलीस, ती मला घाबरली. एवढी काय मी वाघीण आहे?”

“आहात,” धाकटी डोळे पुसत म्हणाली आणि ट्रंका ओढायला लागली.

चेअरमन संध्याकाळी आलेच. मिक्सरच्या तक्रारीला आले होते, दारात गाद्या हलवताना बघून थबकले. “हे कोण?”

“माझे पाहुणे.”

“पेशंट दिसतायत.”

“पाहुणे आजारी नसावेत असा नियम केलाय का सभेत? नसला तर करा. मी मत देईन.” मग जरा सौम्यपणे म्हटलं, “वरचा फ्लॅट रिकामा आहे, चेअरमनसाहेब. दुपारी आता खुशाल झोपा. इथला मिक्सर तुमच्या छताला लागत नाही.” त्यांनी मेकॅनिककडे बघितलं. मग म्हणाले, “काही लागलं तर सांगा,” आणि गेले. माणूस वाईट नाही, झोप प्यारी आहे एवढंच.

पुढचा आठवडा आमच्या घरात फक्त एकच काम होतं. वजनाच्या दिवसापर्यंत त्या माणसाचं वजन उतरायचं थांबलं पाहिजे. मिक्सरवालीने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आहाराच्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी दूध कमी केलं, डाळ आणि अंडं वाढवलं, प्रत्येक पेल्यात चमचाभर तेल घालायला सांगितलं, आणि बनवलेलं लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवून त्या दिवसाच्या दिवसात कोमट करून दिलं तर चालेल म्हणाल्या. माझा फ्रिज शिजवलेल्या अन्नाच्या डब्यांनी भरला. दर दोन तासांनी मिक्सर, चाळणी, सिरिंज. पेला झाला की थोडं पाणी सोडून नळी धुवायची, आणि अर्धा तास त्याला आडवं होऊ द्यायचं नाही. तो झोपेने पेंगायचा. मग मी समोर बसून त्याला पेपर वाचून दाखवायची, मुद्दाम त्याला चीड येईल अशाच बातम्या. एसटीच्या डेपोंची बातमी आली की तो जागा होऊन हातवारे करायचा, इंजिनं अशी नाही, अशी दुरुस्त करतात. मला काही कळायचं नाही. मी म्हणायची, “अगदी बरोबर.”

दुपारी मी धाकटीच्या खोलीत आडवी व्हायची, पण डोळा लागायचा नाही. त्याला आज मळमळतंय का, पेला उलटून तर नाही ना पडणार, हेच डोक्यात. परक्या माणसाच्या पोटाची मी जितकी काळजी करत होते, तितकी स्वतःच्या माणसांचीही केली नव्हती, आणि त्याचं मला वाईटही वाटत होतं.

वजनाच्या दिवशी मिक्सरवाली म्हणाली, “मावशी, तुम्ही येता का बरोबर?” मी म्हटलं, मला काय कामं नाहीत का? आणि चपला घातल्या. मागच्या फाटकाने आत गेलो. वाटेत तो दोनदा थांबला, तिसऱ्यांदा मला दम लागला म्हणून मी थांबले. पिशवीत तिने थर्मास घेतला होता, सिरिंज घेतली होती. रांगेत वेळ गेला तर पेला चुकायला नको.

वजनाच्या काट्यावर तो चढला तेव्हा मी आकड्याकडे बघितलंच नाही. मिक्सरवालीच्या तोंडाकडे बघत होते. तिच्याही तोंडावरून काही कळेना. मग त्याला आत नेलं, मुखवटा घालून बघायला. दार बंद झालं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. समोर लोकच लोक, कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्याला रुमाल. मला उगीचच वाटलं, यातले किती जण दुपारी नुसतं दूध पिऊन आले असतील.

दार उघडलं. आतून डॉक्टरबाई आल्या, अंगाने लहानखुऱ्या, घाईत. “वजन फार वाढलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण उतरलंही नाही. मुखवटा बसतोय. सोमवारपासून सुरू करू. सहाही आठवडे हे असंच जेवण चालू ठेवायचं, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. कोण करतं?”

“आम्ही,” मिक्सरवाली म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. मीच रडायच्या बेतात होते. पण तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बाकावरून सरकून डॉक्टरबाईंच्या मागून बाहेर आलेल्या नवऱ्याला जागा करून दिली. “वेळ झाली,” ती म्हणाली. तिथेच, त्या येण्याजाण्याच्या वाटेवर, तिने थर्मास उघडला, नळीचं झाकण काढलं आणि सिरिंज जोडून ती माझ्या हातात दिली. “मावशी, धरा जरा. मला ओतायला दोन्ही हात लागतील.”

मी उभी राहिले आणि सिरिंज त्याच्या डोक्याच्या वर धरली. ती ओतत होती. माणसं वळून वळून बघत होती, एक दोघं थांबलीसुद्धा. मी पोस्टाच्या खिडकीतून बघायची तसं त्यांच्याकडे बघितलं, ती पुढे गेली. सिरिंजमधलं अन्न मुंगीच्या पावलाने खाली सरकत होतं. मेकॅनिकने डोळे मिटले होते. माझा खांदा भरून आला, बोटं दुखायला लागली.

“हात खाली आणू नका हं,” मिक्सरवाली म्हणाली. “खाली आला की थांबतं.”

“नाही आणत,” मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी तशीच उभी राहिले, पेला संपेपर्यंत.